बैल चालवायचा तर आधी चार ठोके

बैलाची चाल ॲनिमेट करताना शिंगं, वशिंड, शेपूट सगळं बाजूला ठेवा. दोन खोकी काढा, एक मागच्या पुठ्ठ्यासाठी, एक पुढच्या खांद्यासाठी, आणि प्रत्येकाला काठीसारखे दोन पाय. खुरं टेकण्याचा क्रम असा: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा.

३२ फ्रेमचं आवर्तन धरलं, तर ही खुरं १, ९, १७ आणि २५ व्या फ्रेमला टेकतील. आधी मागचे पाय माणसाच्या चालीसारखे पूर्ण करा, मग तीच चाल ८ फ्रेम उशिरा पुढच्या पायांना द्या. खूर टेकताना त्या पायाचं खोकं खाली असतं आणि पाय सरळ अंगाखाली आला की वर जातं. म्हणून पहिल्या फ्रेमला पुठ्ठा खाली, खांदा वर. नवव्या फ्रेमला बरोबर उलट. पाठीचा हा संथ झोका दिसला की अंगाला वजन आलंच.

आता प्रत्येक खूर टेकताना टेबलावर बोट आपटा. चार सारखे ठोके हवेत. दोनच ऐकू आले, तर पायांच्या जोड्या एकदम पडताहेत: तिरप्या जोड्या असतील तर ती दुडकी चाल, एकाच बाजूच्या असतील तर उंटाची. अशा वेळी पुढच्या पायांच्या सगळ्या कीफ्रेम एकत्र सरकवा, एकेक पाय दुरुस्त करत बसू नका. डोक्याची हालचाल आणि शेपूट त्यानंतर.