फोटोवरून चेहऱ्याची ठेवण ओळखा आणि मग फ्रेम निवडा

माझ्या वहिनी लालबागला राहतात. मागच्या वर्षी त्यांनी सेल्फी पाहून ठरवलं की आपला चेहरा लांबट आहे, आणि लांबट चेहऱ्याला मोठी, उंच फ्रेम शोभते म्हणून तशी घेतली. पंधरा दिवसांत ती कपाटात गेली. चूक फ्रेमची नव्हती, फोटोची होती.

सेल्फीत मोबाईल चेहऱ्यापासून जेमतेम हातभर लांब असतो. नाक कॅमेऱ्याच्या जवळ, गालांच्या कडा आणि कान त्यामानाने काही सेंटिमीटर मागे. इतक्या कमी अंतरात तेवढा फरकही खूप होतो: नाक फुगतं, कडा आत ओढल्या जातात, आणि गोल किंवा चौकोनी चेहरासुद्धा लांबट दिसतो.

म्हणून फोटो दुसऱ्या कुणाला तरी काढायला सांगा, किमान दोन मीटरवरून. चेहरा लहान वाटला तर झूम करा, जवळ येऊ नका. मुंबईच्या खोलीत एवढी जागा नसेल तर दार उघडून पॅसेजमधून काढा. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर हवा. तो वरून धरला तर जबडा निमुळता दिसतो, खालून धरला तर रुंद. केस मागे घट्ट बांधा, चष्मा काढा, हसू नका, कारण हसलं की गाल रुंदावतात. शेवटी दोन्ही कान सारखेच दिसताहेत ना ते बघा. एक जास्त दिसत असेल तर मान वळली आहे, फोटो पुन्हा काढा.

एक युक्ती: एटीएम कार्ड उभं करून गालाच्या बाजूला, कानाच्या रेषेत धरा आणि छापील नंबर झाकून घ्या. कार्डाची लांब बाजू ८५.६ मिलिमीटर असते, त्यामुळे फोटोत मोजलेल्या अंतराचं खरं माप काढता येतं.

आता फोटो लॅपटॉपवर मोठा करून पट्टीने चार मापं घ्या: कपाळाची रुंदी, गालांच्या हाडांपाशी रुंदी, तोंडाच्या रेषेत जबड्याची रुंदी, आणि केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतची लांबी. वहिनींची मापं अशी आली: कपाळ ५.५ सेंटिमीटर, गाल ६.१, जबडा ५.६, लांबी ७.७. लांबीला गालांच्या रुंदीने भागलं की सव्वाच्या आसपास येतं. सेल्फीत हेच गुणोत्तर दीडच्या जवळ होतं! म्हणजे चेहरा लांबट नाहीच. शिवाय कपाळ आणि जबडा जवळपास सारखे, आणि जबड्याचा कोपरा ठळक. हा चौकोनी चेहरा झाला. कोपरा गोलसर असता तर गोल म्हटलं असतं, जबडा कपाळापेक्षा बराच अरुंद असता तर बदामी.

तोल साधायचा म्हणजे चेहऱ्यात जे आधीच भरपूर आहे, ते फ्रेमने आणखी वाढवायचं नाही. चौकोनी जबड्याला गोल किंवा ओव्हल, पातळ कडेची फ्रेम मऊपणा देते. गोल चेहऱ्याला उलट, कोपरे असलेली चौकट हवी. खरोखरच लांब चेहऱ्याला उंच काचा चालतात. पण माझं मत विचाराल तर आकारापेक्षा रुंदी जास्त महत्त्वाची. रुंदी चुकली की कुठलाच आकार शोभत नाही.

फोटोत कार्ड ४ सेंटिमीटर भरलं. ८५.६ भागिले ४० म्हणजे २.१४, म्हणजे फोटोतला एक मिलिमीटर खरा २.१४ मिलिमीटर. त्या हिशेबाने वहिनींचे गाल सुमारे १३० मिलिमीटर. फ्रेमची एकूण रुंदीही तेवढीच हवी. जुन्या चष्म्याच्या दांडीच्या आत 56□17 140 असं छापलं होतं: काचेची रुंदी, नाकावरचं अंतर आणि दांडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. ५६ अधिक ५६ अधिक १७ म्हणजे १२९, त्यात बिजागरीकडचे दहा-बारा मिळवले की १४० च्या आसपास. चेहऱ्याबाहेर चक्क सेंटिमीटरभर! 50□18 घेतली तर बेरीज ११८, कडा धरून १३०. बरोब्बर.

वहिनींचा नंबर उणे साडेचार. दोन बाहुल्यांमधलं अंतर ६० मिलिमीटर. जुन्या फ्रेमच्या काचांची केंद्रं एकमेकांपासून ७३ मिलिमीटरवर होती, म्हणजे प्रत्येक डोळ्याची काच साडेसहा मिलिमीटर आत सरकवून कापावी लागली, आणि उणे नंबरात बाहेरची कड जाड होत गेली. नव्या फ्रेममध्ये केंद्रं ६८ वर आली, सरकवणं ४ वर. काचेची कड आधीपेक्षा पातळ झाली, डोळ्यांना सहज दिसेल इतका फरक पडला. नंबर उणे तीनच्या पुढे असेल तर छोटी काच घ्याच.

दुकानात गेल्यावर फोटोत न दिसणाऱ्या दोन गोष्टी बघा. फ्रेमची वरची कड भुवईच्या वळणाला धरून जाते का, आणि मोठ्याने हसल्यावर खालची कड गालाला टेकते का. टेकली तर काचेवर गालाचा घाम लागणारच. नाकाचा पूल बसका असेल तर प्लास्टिकची फ्रेम घामाने घसरत राहते. आपल्या दमट हवेत, गच्च भरलेल्या लोकलमध्ये एका हाताने दांडा धरून दुसऱ्याने चष्मा वर ढकलत बसण्यापेक्षा धातूची, वाकवता येणारे नोजपॅड असलेली फ्रेम घ्या. वहिनींनी तीच घेतली, गोलसर, सोनेरी. पॅड दुकानदाराने तिथेच चिमट्याने आत दाबून दिले.