ऑफिसला सायकलने जाण्याआधी सीटची उंची बघा

ऑफिस जाऊन-येऊन 12 किलोमीटर असेल, तर महिन्याच्या 22 दिवसांत स्कूटरचं जवळजवळ 6 लिटर पेट्रोल वाचतं. पण पहिल्याच आठवड्यात गुडघे दुखले की सायकल पुन्हा जिन्याखाली जाते. गुडघा पुढून दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली असते. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा; पॅडल सर्वांत खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पॅडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो, तेच योग्य. सर्व्हिसिंगला दिलीत तर दुकानदाराला सीट तुम्हाला बसवूनच लावायला सांगा. ब्रेकचे रबर आणि चेनही तिथेच तपासून घ्या. हवा मात्र दर आठवड्याला टायरवर छापलेल्या आकड्यानुसार भरा.