रिटच केलेलं पोर्ट्रेट मोठ्या प्रिंटला पाठवण्याआधी

२४ बाय ३६ इंचांच्या प्रिंटवर खांद्यापर्यंतचं पोर्ट्रेट घेतलं, तर चेहरा खऱ्या चेहऱ्याहून मोठा होतो. एवढ्या आकारात रिटचिंगमधली घाई लपत नाही. माझ्या अशाच एका प्रिंटवर डाव्या डोळ्याखाली बोटभर रुंदीचा गुळगुळीत पट्टा उमटला होता. तिथलं काळं वर्तुळ मी स्क्रीनवर ५० टक्के झूम ठेवून काढलं होतं. वर्तुळ गेलं, पण त्याबरोबर त्वचेची रंध्रंही गेली. निम्म्या झूमवर ते कळलं नाही, कागदावर मात्र पहिली नजर तिथेच जायची. तेव्हापासून मी पुढची तयारी ठरलेल्या क्रमानंच करतो. यातल्या बऱ्याच गोष्टी एकेकट्या बरोबर असूनही क्रम चुकला की बिघडतात.

फोटोशॉपमध्ये फाइल उघडण्याआधी प्रिंट करणाऱ्याला चार गोष्टी विचारून घ्या. कागद कोणता, त्या कागदावर आणि मशीनवर रंग कसे उमटतात ते सांगणारं आयसीसी प्रोफाइल मिळेल का, फाइल कोणत्या प्रोफाइलमध्ये हवी, आणि त्यांच्याकडे आपोआप शार्पनिंग किंवा रंगदुरुस्ती होते का. होत असेल तर ती बंद ठेवायला स्पष्ट सांगा. तुमच्या शार्पनिंगवर आणखी एक थर चढला की पापण्या तारेसारख्या दिसायला लागतात. सीएमवायके फाइल त्यांनी मागितली नसेल तर स्वतःहून करू नका. फोटो छापणारी बहुतेक इंकजेट मशीनं आरजीबी फाइलच घेतात, आणि तुमच्या अंदाजानं केलेल्या रूपांतरात गेलेले रंग परत येत नाहीत.

मग पिक्सेलचा हिशोब करा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून उभं पोर्ट्रेट साधारण ४००० बाय ६००० पिक्सेलचं येतं. ४००० भागिले २४ इंच म्हणजे इंचाला सुमारे १६७ पिक्सेल. हे पुरेसं आहे का, हे बघणारा किती लांब उभा राहतो त्यावर ठरतं. चांगल्या नजरेला इंचाला किती पिक्सेल वेगळे दिसतात याचा ढोबळ हिशोब असा: ३४३८ ला इंचांतल्या अंतरानं भागायचं. एक मीटरवरून, म्हणजे सुमारे ३९ इंचांवरून, ८८ च्या आसपास पिक्सेल पुरतात. १६७ पिक्सेलची फाइल २० इंचांपर्यंत टिकते. पण पोर्ट्रेटच्या बाबतीत मी या हिशोबावर पूर्ण भरवसा ठेवत नाही. डोंगराचा फोटो लोक लांबून बघतात, चेहऱ्याकडे मात्र पावलं आपोआप वळतात आणि माणूस डोळ्यांपाशी जाऊन थांबतो. म्हणून या आकारासाठी मी इंचाला २४० पिक्सेल धरतो, म्हणजे ५७६० बाय ८६४० पिक्सेल. मूळ फाइल १४४ टक्क्यांपर्यंत वाढवावी लागते आणि एवढी वाढ नीट फोकस झालेली फाइल सहज पेलते. ३०० चा आग्रह धरला तर वाढ १८० टक्क्यांवर जाते. फाइल जड होते, पण मूळ फोटोत नसलेला तपशील त्यातून येत नाही.

फाइल लगेच मोठी करू नका. आधी लेअर असलेल्या मूळ फाइलवर १०० टक्के झूम ठेवा आणि एका कोपऱ्यापासून सुरू करून पूर्ण फोटो ओळीनं बघत जा. हीलिंग ब्रश जिथे फिरला आहे, तिथे शेजारच्या त्वचेइतकाच पोत आहे का ते बघा. कपाळ, नाकाच्या कडा आणि डोळ्यांखालची जागा इथे दोनदा थांबा. तात्पुरता एक कर्व्ज लेअर लावून कॉन्ट्रास्ट खूप वाढवला की दबून राहिलेले डाग, क्लोनची पुनरावृत्ती आणि डॉज-बर्नचे ढग लगेच वर येतात. बघून झालं की तो लेअर काढून टाका. लिक्विफाय वापरलं असेल तर चेहऱ्यामागच्या सरळ रेषा वाकल्यात का, हेही याच फेरीत बघा. पोत हरवलेली जागा सापडली तर त्यावर नुसता नॉइज टाकून भागत नाही. गालाच्या त्याच प्रकाशातल्या भागातून खरी त्वचा उचलून तिथे बसवा. काम १६ बिटमध्येच ठेवा, नाहीतर गालावरच्या हळुवार सावलीत पायऱ्या दिसायला लागतात.

आता फाइलची प्रत काढा, ती फ्लॅटन करा आणि मूळ फाइल बंद करा. `Image > Image Size` मध्ये `Resample` चालू ठेवून `Bicubic Smoother (enlargement)` निवडा, रुंदी २४ इंच आणि रिझोल्यूशन २४० द्या. मोठी झालेली फाइल १०० टक्के झूमवर थोडी मऊ दिसेल, त्याची काळजी नको. शार्पनिंग अजून व्हायचं आहे. ते या टप्प्याआधी केलं असतं तर कडांभोवतीची पांढरी प्रभावळही १४४ टक्क्यांपर्यंत वाढली असती. प्रिंटच्या खऱ्या आकाराचा अंदाज हवा असेल तर स्क्रीनच्या पिक्सेल घनतेला २४० नं भागा. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर इंचाला सुमारे ९२ पिक्सेल असतात, म्हणजे ३८ टक्के झूमवर चेहरा प्रिंटएवढा दिसेल. दोन्ही झूमवर बघण्याची सवय लावून घ्या.

रंगाचं काम शार्पनिंगच्या आधी. त्याहीआधी मॉनिटर. कॅलिब्रेशन केलेलं असलं तरी पडदा फार उजळ असेल तर प्रिंट काळपट वाटणारच. प्रिंटच्या कामासाठी पडद्याचा उजळपणा प्रति चौरस मीटर ८० ते १२० कँडेलाच्या दरम्यान ठेवतात. मीटर हाताशी नसेल तर खोलीतल्या चांगल्या प्रकाशात पांढऱ्या स्क्रीनशेजारी कोरा कागद धरा. कागदाच्या तुलनेत पडदा दिव्यासारखा वाटला तर तो खाली आणा.

मग `View > Proof Setup > Custom` उघडून कागदाचं प्रोफाइल निवडा, म्हणजे कागदावर रंग कसे येतील याचं प्रूफ स्क्रीनवर दिसतं. `Preserve RGB Numbers` ची खूण काढा, `Black Point Compensation` ठेवा. शेजारी त्याच फाइलची दुसरी खिडकी प्रूफशिवाय उघडी ठेवली की तुलना सोपी जाते. `Simulate Paper Color` लावताना क्षणभर नजर दुसरीकडे वळवा. बदल होताना बघितला तर फोटो एकदम मेला असं वाटतं आणि हात कॉन्ट्रास्टकडे जातो. डोळे सरावल्यावर जे दिसतं ते कागदाच्या बरंच जवळचं असतं.

एक उदाहरण घेऊ. मॅट कागद, गडद लाल जॅकेट, काळे मोकळे केस. प्रूफमध्ये त्वचा जवळजवळ होती तशीच राहते, कारण त्वचेचे रंग बहुतेक कागदांच्या आवाक्यात असतात. जॅकेटच्या घड्या मात्र एकसपाट लाल होतात आणि केसांच्या सावल्या एकमेकींत मिसळतात. मॅटवरचा काळा ग्लॉसीइतका खोल जात नाही, हे त्यामागचं कारण. रेंडरिंग इंटेंट `Perceptual` निवडला तर जॅकेट सुधारतं, पण सगळेच रंग थोडे आवळले जातात आणि त्यात त्वचाही येते. म्हणून अशा फोटोत मी `Relative Colorimetric` ठेवतो आणि फक्त जॅकेटवर मास्क लावून सॅच्युरेशन कमी करतो, घड्या परत दिसेपर्यंत. केसांसाठी वेगळा कर्व्ज लेअर लावून सावल्या किंचित उचलतो. गालाला हात लावत नाही.

इथेच प्रोफाइलची सर्वांत नेहमीची चूक होते. `Assign Profile` आकडे तेच ठेवतं आणि त्यांचा अर्थ बदलतं. `Convert to Profile` रंग तोच ठेवतं आणि आकडे बदलतं. लॅबला एसआरजीबी फाइल हवी असेल तर शेवटी `Convert` करायचं. अॅडोबी आरजीबी फाइलवर चुकून एसआरजीबी `Assign` केलं तर चेहऱ्यातलं रक्त उतरल्यासारखं दिसतं. उलट झालं तर गाल लालभडक होतात. चेहऱ्याची अशी छटा दिसली की रंगांचे स्लायडर ओढत बसू नका, आधी प्रोफाइल तपासा. प्रिंट घरच्या मशीनवर होत असेल तर रंग फोटोशॉपनं सांभाळायचे आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरमधलं रंगव्यवस्थापन बंद ठेवायचं. दोघांनी एकदम सांभाळले तर पूर्ण प्रिंटवर एकाच रंगाची झाक चढते.

आता शार्पनिंग. सगळ्या लेअरचा एकत्रित एक नवा लेअर वर बनवा आणि त्याचा मोड `Luminosity` करा, म्हणजे कडांना रंगीत किनार येणार नाही. `Unsharp Mask` ची त्रिज्या ठरवायला माझी सुरुवात सोपी असते: रिझोल्यूशन भागिले २००. २४० साठी १.२ पिक्सेल. `Amount` १५० च्या आसपास, `Threshold` ३. मॅट कागदात शाई थोडी पसरते, म्हणून तिथे याहून थोडं जास्त चालतं. मग लेअरला काळा मास्क लावा आणि जिथे डोळे खिळायला हवेत तिथेच पांढरा ब्रश फिरवा: पापण्या, भुवया, बुबुळांची कड, ओठांची रेषा, फोकसमधले केस, कापडाची वीण. त्वचेवर ब्रशची ओपॅसिटी २० ते ३० टक्के ठेवा. फोकसबाहेरच्या कानावर आणि मागच्या खांद्यावर अजिबात नको. १०० टक्के झूमवर पापण्या थोड्या जास्तच तीक्ष्ण वाटायला हव्यात. प्रिंटच्या आकाराच्या झूमवरही भुवईभोवती पांढरी रेष दिसत असेल तर मात्र `Amount` उतरवा.

ग्रेन शेवटी, नाहीतर शार्पनिंग प्रत्येक दाणा टोचरा करतं. ५० टक्के करड्या रंगाचा लेअर `Overlay` मोडमध्ये ठेवून त्यावर दोन-तीन टक्के एकरंगी नॉइज द्या. रिटच केलेली त्वचा आणि न केलेली त्वचा यांतला उरलासुरला फरक त्यानं मिटतो, आणि पार्श्वभूमीच्या छटांमध्येही पायऱ्या पडत नाहीत.

पूर्ण प्रिंटआधी एक तुकडा छापून बघायचाच. तयार फाइलमधून ८ बाय १० इंचांचा, म्हणजे १९२० बाय २४०० पिक्सेलचा भाग कापा. त्यात एक डोळा, थोडा गाल, केस आणि जमलं तर जॅकेटची कड यायला हवी. तो लहान-मोठा न करता त्याच कागदावर, त्याच प्रोफाइलनं छापून घ्या. शाई वाळताना रंग थोडा हलतो, म्हणून एक दिवस थांबा आणि मग फोटो जिथे लागणार आहे तिथल्या प्रकाशात तुकडा भिंतीला लावा. आधी दोन पावलांवरून बघा, मग हातभर अंतरावरून. लांबून काळपट वाटला तर एकूण उजळपणा वाढवा. जवळून त्वचा खरखरीत वाटली तर मास्कवरचा पांढरा कमी करा. पापण्या मऊ वाटल्या तर `Amount` वाढवा. तुकड्याच्या मागे पेन्सिलीनं `Amount`, त्रिज्या, कागद आणि रेंडरिंग इंटेंट लिहून ठेवा. दुसऱ्या तुकड्याची वेळ आली तर काय बदललं ते नेमकं कळतं. तुकडा मनासारखा आला की फाइल फ्लॅटन करून प्रोफाइल एम्बेड केलेली टिफ बनवा, आणि नावातच २४ बाय ३६, कागद आणि प्रोफाइल लिहून पाठवा.