उंच थ्रीडी प्रिंटचे थर उकलतात? या चुका टाळा

एबीएसचा डबा, तळ 60 × 60 मिमी, उंची 180 मिमी. पहिले सहा-सात सेंटीमीटर अगदी नितळ येतात. मग कधीतरी ‘टक्’ असा आवाज होतो आणि एका कोपऱ्यापासून थराच्या रेषेत आडवी फट पडते. खालचा भाग बेडला घट्ट चिकटलेलाच असतो, त्यामुळे दोष बेडचा नाही हे उघड आहे.

आधी फट नीट पाहा. कोपऱ्यात रुंद आणि भिंतीच्या मध्याकडे निमुळती होत गेलेली असेल, तर प्लास्टिक आकसल्यामुळे ती पडली आहे. पूर्ण भिंतच जाळीदार, विरळ दिसत असेल तर फिलामेंट कमी येतंय. तिथे नोझल किंवा एक्स्ट्रूडर तपासा, खालचे उपाय कामाचे नाहीत.

आकसण्याचा हिशोब सोपा आहे. एबीएस साधारण 105 अंशांखाली कडक होतं आणि तिथून पुढे ओढ धरू लागतं. भोवतालची हवा 30 अंश असेल तर 60 मिमीची भिंत पूर्ण थंड होईपर्यंत जवळजवळ 0.4 मिमी आकसू पाहते. हवा 60 अंशांवर ठेवली, तर प्रिंट चालू असताना हीच ओढ 0.25 मिमीच्या आसपास राहते. तळाच्या थरांना 100 अंशांचा बेड ऊब देतो, पण ती काही सेंटीमीटरच पोचते. वर फक्त खोलीची हवा. म्हणून उंच प्रिंट खाली शाबूत आणि वर उकललेला दिसतो.

चूक पहिली: वाऱ्याकडे दुर्लक्ष

आपल्याकडे याचं सगळ्यात मोठं कारण छताचा पंखा. त्याखालोखाल एसीचा झोत आणि उघडी खिडकी. फट नेहमी एकाच बाजूच्या कोपऱ्यात पडत असेल, तर त्या बाजूने वारा कुठून येतो ते शोधा.

एबीएसला बंद एन्क्लोजर हवंच. बेड 100-110 अंशांवर ठेवून दार लावा आणि 20-30 मिनिटं आतली हवा तापू द्या, मगच प्रिंट सुरू करा. थर्मामीटर बेडजवळ नको, प्रिंटच्या निम्म्या उंचीवर टांगा. तिथे 50-60 अंश मिळाले तर काम झालं. मध्येच डोकावायला दार उघडू नका. प्रिंट संपल्यावरही बेड 50 अंशांखाली येईपर्यंत दार बंदच ठेवा, कारण एकदम थंड केल्यावर तयार प्रिंटलाही तडा जातो. पुठ्ठ्याचं खोकं पालथं घालण्याचा जुगाड टाळा, आगीचा धोका आहे. पॉवर सप्लाय एन्क्लोजरच्या बाहेर हवा, आणि एबीएसच्या वाफांसाठी खोलीत हवा खेळती हवी. फक्त तिचा झोत प्रिंटरवर नको.

एन्क्लोजर नसेल तर PrusaSlicer मध्ये `Draft shield` चालू करा. प्रिंटभोवती पातळ भिंत उभी राहते. फिलामेंट जास्त जातं आणि एन्क्लोजरची सर येत नाही, पण लहान वस्तू निभावते.

चूक दुसरी: फॅन बंद आहे असं गृहीत धरणं

ही चूक सहज लक्षात येत नाही. प्रोफाइलमध्ये फॅन 0 टक्के दिसतो, पण ऑटो कूलिंग चालू असतं. वस्तू वर निमुळती झाली की थर लवकर संपतो, ठरलेल्या सेकंदांपेक्षा कमी वेळ लागताच फॅन आपोआप जोरात सुरू होतो आणि नेमकी तिथेच फट पडते. स्लाइस केल्यावर प्रिव्ह्यूमध्ये `Fan speed` निवडा. रंग कुठे बदलतो ते दिसेल. ऑटो कूलिंग पूर्ण बंद केलं तर लहान थरांवर वेग कमी होणंही थांबतं आणि टोक वितळून वाकडं होतं. त्यापेक्षा कमाल फॅन 10-15 टक्क्यांवर बांधून ठेवा.

उलट बाजूही आहे. बेडवर एकदम सहा डबे मांडले की प्रत्येक डब्याचा नवा थर फार उशिरा येतो, तोवर खालचा गार झालेला असतो. उंच वस्तू एकावेळी एकच काढा.

चूक तिसरी: नोझलचा आकडा अंदाजाने

वेग वाढला की प्लास्टिकला नोझलमध्ये तापायला वेळ कमी मिळतो. स्क्रीनवर 240 असले तरी बाहेर येणारं प्लास्टिक थंडच असतं. एकेरी भिंतीचा लहान तुकडा 235 अंशांवर काढा आणि हाताने मोडा. थराच्या रेषेत सरळ, गुळगुळीत तुटला तर पकड कमी आहे. 5 अंश वाढवून पुन्हा काढा. तुटलेली कड वेडीवाकडी, थर ओलांडून फाटलेली दिसली की तो आकडा ठेवा. बहुतेक एबीएस 260 च्या आत जमतं. पण 240 च्या पुढे जायचं तर हॉटएंड पूर्ण धातूचा हवा. 0.4 च्या नोझलला थर 0.2 मिमी ठेवा; 0.3 च्या वर गेलात तर वरचा थर खालच्यावर पुरेसा दाबला जात नाही.

पीएलएसाठी मात्र हे एन्क्लोजर वापरू नका. ते 60 अंशांच्या आसपासच मऊ पडतं, बंद पेटीत नोझलच्या वर फुगून अडकतं. पीएलएचे थर उकलत असतील तर दार उघडं ठेवा, नोझल 5-10 अंशांनी वाढवा आणि फॅन थोडा कमी करा.