कॉन्टॅक्ट सेल्सचं कोटेशन कसं वाचावं

सॉफ्टवेअरच्या वेबसाइटवर तीन प्लॅनचे दर छापलेले असतात आणि चौथ्या चौकटीत रक्कमच नसते, नुसतं ‘कॉन्टॅक्ट सेल्स’. तिथे फोन केला की चार-आठ दिवसांत मेलवर कोटेशन येतं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्या, खानापूरकडच्या पतसंस्था, अथणी-चिकोडीकडची साखर कारखान्यांची शेती ऑफिसं यांच्यासाठी अशी कोटेशनं मी पुष्कळ वाचली आहेत. ‘घासाघीस करा, वीस टक्के सुटतात’ हा सल्ला सगळेच देतात. सुटतातही. पण पैसे दरात जात नाहीत, दराखालच्या अटींत जातात.

आधी वापर मोजा

मागच्या बारा महिन्यांचा वापर महिनावार कागदावर काढा. सरासरी काढू नका. कोटेशन मागवायचं ते त्यानंतर.

मर्यादा कशावर मोजली जाते ते शोधा

मी स्वतः अडकलो ते इथेच, म्हणून इथे जरा थांबतो.

मोठ्या ग्राहकाला कंपनी ठरीव प्लॅन न देता त्याच्यापुरती मर्यादा आखून देते: इतके युजर, इतके हिट, इतकी साठवण. हिट म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरने त्यांच्या सर्व्हरला एकदा केलेली विचारणा. अथणीच्या बाजूच्या एका शेती ऑफिसात उसाची गाडी गेटवर आल्यापासून शेतकऱ्याच्या मोबाइलवर वजनाचा मेसेज जाईपर्यंत सहा हिट लागायचे: गेट, टोकन, भरलेलं वजन, रिकामं वजन, पावती, मेसेज. दिवसाला हजार गाड्या धरल्या तर सहा हजार हिट, म्हणजे महिन्याला १,८०,०००. हे गाळपाच्या पाच महिन्यांचं. उरलेले सात महिने ऊसनोंद आणि बिलं एवढंच काम, महिन्याला १५,००० हिट.

कोटेशनात लिहिलं होतं ‘वर्षाला १२ लाख हिट, ४,८०,००० रुपये’. आमचा वर्षाचा वापर १०,०५,०००. म्हटलं, दोन लाख शिल्लकच राहतात, आणि सही करून मोकळे झालो. हंगाम संपल्यावर दोन लाखांचं वेगळं बिल आलं. शेती ऑफिसातले काका कागद पुढे सरकवून म्हणाले, “वर्षाचे बारा लाख आपण वापरलेच नाहीत, मग हे कशाचं ओ?”

पाचव्या पानावर बारीक अक्षरात होतं की १२ लाख हिट दरमहा १ लाख अशा समान हप्त्यांत मिळतील आणि न वापरलेले पुढच्या महिन्यात जाणार नाहीत. हंगामात दर महिन्याला ८०,००० जादा झाले, पाच महिन्यांचे चार लाख, आणि जादा हिटचा दर ५० पैसे. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात महिन्याला ८५,००० हिट वाया जात होते, त्यांचा हिशोब कोणी धरला नव्हता. कंपनीने फसवलं असं मी म्हणणार नाही. लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.

आता मी पहिल्याच मेलमध्ये एक वाक्य घालायला लावतो: ‘मर्यादा करारवर्षाच्या एकूण वापरावर मोजली जाईल, महिन्यावर नाही.’ आमच्याकडे ऊस, गूळ, तंबाखू, सगळंच हंगामी. बाराही महिने सारखा वापर गृहीत धरलेलं कोटेशन इथे चालत नाही. विक्रीवाला फोनवर ‘हो साहेब, वर्षाचंच आहे’ म्हणेल. फोनवरचं धरायचं नाही, कागदावर घ्यायचं. जादा वापराचा दरही त्याच कागदावर पाहिजे, आणि तो मूळ दराच्या फार वर असू नये. आमचा मूळ दर हिटला ४० पैसे पडत होता.

याच मर्यादेला एक धाकटा भाऊ असतो, मिनिटाची मर्यादा. तो कोटेशनात सहसा नसतो, जोडपत्रात असतो. मिनिटाला ६० हिट म्हणजे मिनिटाला दहा गाड्या, एवढं काट्यावर पुरतं. पण संध्याकाळी नेट जाऊन पाऊण तासाने आलं की अडकलेल्या सगळ्या नोंदी एकदम निघतात आणि स्क्रीनवर `429 Too Many Requests` झळकतं. ते दिसलं की काट्यात बिघाड शोधत बसू नका, मिनिटाची मर्यादा भरली आहे. ती वाढवून घ्या, किंवा नोंदी थांबून-थांबून पाठवण्याची सोय आपल्या बाजूला करून घ्या. दुसरा उपाय फुकटातला आहे.

सपोर्टचा तास कोणाच्या घड्याळाचा

‘चार तासांत प्रतिसाद’ याचा अर्थ चार तासांत कोणीतरी ‘तक्रार मिळाली’ असं कळवेल. दुरुस्तीची वेळ वेगळी, आणि बहुतेक कोटेशनांत ती नसतेच. ती मागा. पूर्ण दुरुस्तीची हमी क्वचितच कोणी देतं, पण काम चालू राहील अशी तात्पुरती वाट किती वेळात देणार, एवढं लिहून मिळतं.

हे चार तासही बहुधा कामाचे असतात. ऑफिस सोमवार ते शुक्रवार साडेनऊ ते साडेसहा असेल, तर शुक्रवारी संध्याकाळी सातला टाकलेल्या तक्रारीचा प्रतिसाद सोमवारी दुपारी दीडपर्यंत वेळेतच धरला जातो. तोवर शनिवार-रविवारच्या गाड्या काट्यावर उभ्या. बेंगळुरूच्या कंपनीच्या सुट्ट्यांची यादीही बघा. १ नोव्हेंबरला त्यांना सुट्टी, आणि आमच्याकडे हंगामाची लगबग तेव्हाचीच. चोवीस तासांचा सपोर्ट वर्षभर परवडत नसेल तर हंगामाच्या पाच महिन्यांपुरता मागा. मी मागितला तेव्हा मिळाला.

‘अतिगंभीर’ तक्रार म्हणजे काय हेही तुमच्या भाषेत लिहून घ्या. आमच्या करारात आता सरळ वाक्य आहे: काटा चालू असून पावती निघत नसेल तर ती अतिगंभीर. नाहीतर सर्व्हर चालू आहे म्हणून ते तिला ‘मध्यम’ ठरवतात.

मुदत: सुरू कधी, सुटका कधी

कमीत कमी मुदत बारा महिने असते, दर खाली हवा असेल तर छत्तीस मागतात. हंगामी धंद्याने पहिल्यांदा बारापेक्षा जास्तीवर सही करू नये, सूट कितीही असो. एक गाळप पार पडल्याशिवाय सॉफ्टवेअर कळत नाही.

मुदत सहीच्या तारखेपासून मोजतात की काम सुरू झाल्यापासून, ते बघा. जूनमध्ये सही केली आणि पहिली गाडी नोव्हेंबरात आली, तर पाच महिन्यांचे पैसे नुसते बसून गेले. सुरुवात ऑक्टोबरपासून लिहून घ्या, आधीचे महिने चाचणीचे.

करार आपोआप वाढण्याची अट जवळजवळ प्रत्येक कोटेशनात असते: मुदत संपण्याआधी ६० किंवा ९० दिवस लेखी कळवलं नाही तर आणखी एक वर्ष. करार ऑक्टोबर ते सप्टेंबर असेल तर ९० दिवसांची नोटीस जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी संपते. म्हणून ती जूनच्या मध्यालाच पाठवा. एका वर्षी माझी तारीख अकरा दिवसांनी हुकली आणि नको असलेलं सॉफ्टवेअर वर्षभर पोसलं. नूतनीकरणाला दरवाढ किती तेही तिथेच असतं. ‘प्रचलित दराने’ असं असेल तर खोडून टक्का लिहायला लावा.

रक्कम

कोटेशनातली रक्कम जीएसटीविना असते. १८ टक्के धरून ४,८०,००० चे ५,६६,४०० होतात, तेही बहुधा वर्षाचे आगाऊ. तिमाही हप्ते मागा. कोटेशनची वैधता पंधरा-तीस दिवसांचीच असते. महिनाअखेरीला विक्रीवाल्याचे फोन वाढतात, तेव्हा वरची वाक्यं घालून सुधारित कोटेशन मागा. त्याच आठवड्यात येतं.