डाय-सब्लिमेशन फोटो प्रिंटर: रिबन-कागदाच्या संचाबाबत या चुका टाळा

ग्राहक समोर बसलेला असताना फोटो काढून, लगेच छापून, कापून हाती द्यायचा असेल, तर बरेच फोटो स्टुडिओ आजही लहान डाय-सब्लिमेशन प्रिंटरलाच पसंती देतात. पोस्टकार्ड आकाराच्या लहान यंत्रातून साधारण मिनिटभरात आणि रोलवर चालणाऱ्या व्यावसायिक यंत्रातून त्याहून कितीतरी कमी वेळात छापलेला फोटो बाहेर येतो. तो येतो तेव्हाच पूर्ण कोरडा असतो आणि त्यावर पारदर्शक संरक्षक थर बसलेला असतो, त्यामुळे तो ताबडतोब कटरखाली घेता येतो. इंकजेटप्रमाणे शाईची छिद्रे वाळून बंद पडण्याचा प्रश्न येथे नाही, म्हणून चार दिवस न वापरलेले यंत्रही पाचव्या दिवशी पहिलाच प्रिंट नीट देते. शिवाय रिबन आणि कागद मोजून एकत्र दिलेले असल्याने एका प्रिंटचा खर्च आधीच ठरलेला असतो. फोटो काळ्या पार्श्वभूमीचा असो वा पांढऱ्या, रिबनचा वापर तेवढाच होतो.

या सोयीची दुसरी बाजू अशी की छपाईची जवळजवळ सगळी गुणवत्ता त्या संचाच्या हाताळणीवर अवलंबून राहते. ज्याला आपण ‘प्रिंटर बिघडला’ म्हणतो, ते पुष्कळदा धूळ, ओल, बोटांचे तेल किंवा चुकीची जोडी यांपैकी काहीतरी असते.

छपाई नेमकी कशी होते

रिबन म्हणजे एक अतिशय पातळ प्लास्टिकचा पट्टा. त्यावर प्रिंटच्या आकाराचे पिवळा, मॅजेंटा आणि सायन हे तीन रंगीत भाग ओळीने येतात आणि त्यांच्यामागे पारदर्शक ओव्हरकोटचा चौथा भाग असतो. थर्मल हेडमधील सूक्ष्म तापक बिंदू रिबनला मागून तापवतात. उष्णतेने रंग सुटतो आणि कागदावरच्या खास लेपात शिरतो. जितकी उष्णता अधिक तितका रंग गडद, त्यामुळे त्वचेच्या छटा ठिपक्यांनी न बनता सलग उतरतात. लहान यंत्रांत कागद तिन्ही रंगांसाठी आणि ओव्हरकोटसाठी एकेकदा आत जाऊन बाहेर येतो, म्हणजे एका फोटोसाठी चार फेऱ्या होतात.

येथेच पहिली चूक घडते. यंत्र भिंतीला टेकवून ठेवले जाते आणि फेरीच्या वेळी मागच्या बाजूने बाहेर डोकावणारा कागद भिंतीला किंवा वायरीला अडतो. कागद केसभर सरकला तरी रंग एकमेकांवर नेमके बसत नाहीत. डोळ्यांच्या कडेला, चष्म्याच्या काडीला किंवा शर्टाच्या कॉलरला एका बाजूने रंगीत झालर दिसते. अशी झालर दिसली की आधी यंत्रामागची जागा पाहावी. तेथे निदान प्रिंटच्या लांबीइतकी मोकळीक हवी. फेऱ्या चालू असताना कागद हाताने ओढू नये, हेही याच कारणासाठी.

डाग पाहून कारण ओळखणे

दोषाचे मूळ शोधण्यासाठी एक साधी चाचणी पुरते. R, G, B तिन्ही किमती 128 ठेवून सपाट राखाडी रंगाची एक फाइल बनवावी आणि तिचे दोन-तीन प्रिंट सलग काढावेत. चेहऱ्याच्या फोटोत लपणारे दोष या राखाडीत लपत नाहीत.

पांढरा ठिपका दिसला आणि पुढच्या प्रिंटवर तो त्या जागी नसला, तर धूळ कागदावर होती आणि तिने तिन्ही रंग अडवले असे समजावे. ठिपका रंगीत असेल तर अधिक नेमके सांगता येते. धूळ पिवळ्या भागावर होती तर पिवळा उतरत नाही आणि ठिपका निळसर दिसतो. मॅजेंटा अडला तर हिरवट, सायन अडला तर तांबूस. म्हणजे रंगीत ठिपक्याचा कण कागदाबरोबर चारही फेऱ्या फिरलेला नाही, तो रिबनच्या एकाच भागावर होता. अशा वेळी कागद बदलून उपयोग होत नाही. उघडी पडलेली रिबनची कॅसेट, रिबन ठेवलेला खण किंवा स्टुडिओतील पार्श्वभूमीच्या कापडांचे तंतू, यांपैकी धूळ कुठून येते ते शोधावे लागते.

कागद ज्या दिशेने सरकतो त्या दिशेने जाणारी, प्रत्येक प्रिंटवर त्याच जागी येणारी बारीक फिकट रेषा वेगळी. ती थर्मल हेडवर चिकटलेला कण किंवा हेडचा निकामी झालेला बिंदू दाखवते. ज्या यंत्रात हेडपर्यंत हात पोहोचतो तेथे वीज बंद करून हेड पूर्ण थंड होऊ द्यावे आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या, तंतू न सुटणाऱ्या कापडाने किंवा स्वॅबने एकाच दिशेने पुसावे. नख, पिन किंवा पट्टीने खरवडणे म्हणजे सुटणारा दोष कायमचा करून ठेवणे. पुसूनही रेषा त्याच जागी राहिली, तर हेड बदलण्याची वेळ आली आहे. ज्या लहान यंत्रांत हेड बंदिस्त असते, तेथे यंत्र उघडण्याऐवजी उत्पादकाने सांगितलेली स्वच्छतेची पद्धतच वापरावी.

डाग ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल, तर तो रोलरचा. रोलरवर चिकटलेली घाण किंवा खळगा रोलरच्या दर वळशाला एकदा कागदाला भेटतो.

तिरप्या, सुरकुतीसारख्या रेषा मात्र धुळीच्या नसतात. काळा कोट किंवा गडद पार्श्वभूमी असलेल्या फोटोत हेड जास्त उष्णता देते, पट्टा किंचित आकुंचन पावतो आणि त्याला चुणी पडते. रिबन सैल बसली असेल किंवा खोलीत दमटपणा असेल, तर हे वाढते. कॅसेट बसवण्यापूर्वी स्पूल बोटाने अलगद फिरवून ढिलाई काढावी. मात्र फार ताणूही नये. वातानुकूलित खोलीतून किंवा थंड गाडीतून आणलेला संच लगेच उघडला तर कागदावर ओल धरते, म्हणून तो बंद पाकिटातच खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा.

संच म्हणून दिलेले संच म्हणूनच वापरावे

काही लहान प्रिंटरांत एका रिबनमधून 36 प्रिंट निघतात, पण ट्रेमध्ये एका वेळी 18 कागदच मावतात. मग घाईत एखादा कागद वाया गेला, छपाई मध्येच रद्द झाली किंवा दुसऱ्या संचातले चार कागद भरले गेले की मोजणी विस्कटते आणि शेवटी रिबन संपून कागद उरतो किंवा याच्या उलट घडते. उरलेला कागद दुसऱ्या कंपनीच्या रिबनबरोबर वापरण्याचा मोह होतो, तो टाळावा. कागदाचा लेप आणि रिबनचा रंग एकमेकांसाठी बनवलेले असतात. जोडी चुकली तर त्वचा पिवळट किंवा जांभळट होते, ओव्हरकोट नीट बसत नाही, आणि वाईटात वाईट म्हणजे रिबन कागदाला चिकटून फाटते. रोलच्या यंत्रातही रिबन बदलताना तिच्याबरोबरचा कागदाचा रोल बसवावा. काही रोल प्रिंटर झाकण उघडून बंद केले की सुरुवातीचा कागद कापून टाकतात, त्यामुळे ‘जरा बघू’ म्हणून वारंवार झाकण उघडणेही महागच पडते.

कागद उलटा घालणे ही नवशिक्याची चूक वाटते, पण गर्दीच्या वेळी ती जुन्या हातांकडूनही होते. लेप असलेली बाजू चकचकीत असते; ती कोणत्या दिशेला हवी हे ट्रेवरची खूण पाहून ठरवावे. कागद कडेने धरावा, कारण बोटाचे तेल लागले तेथे रंग नीट उतरत नाही आणि ठशाच्या आकाराचा फिका डाग उमटतो. एकदा छापलेला कागद पुन्हा आत घालून दुसरा फोटो काढण्याचा प्रयत्न तर कधीच करू नये. ओव्हरकोटवर रंग शिरत नाही आणि रिबन तेथेच चिकटते.

सलग प्रिंट काढताना यंत्र मध्येच थांबले तर ते बहुधा हेड थंड होण्याची वाट पाहत असते. तेव्हा बटण बंद-चालू केल्याने अर्धवट कागद आत अडकतो, एवढेच साध्य होते.

पासपोर्ट फोटोचे माप का चुकते

स्टुडिओतील सर्वाधिक तक्रारीची जागा ही. समजा, 35 × 45 मिमीचे आठ फोटो एका पानावर मांडले आहेत: आडवे चार, उभे दोन. 300 डीपीआयला एक फोटो 413 × 531 पिक्सेलचा होतो आणि पान 1800 × 1200 पिक्सेलचे. पण पोस्टकार्ड आकाराचा कागद 148 × 100 मिमी असतो, म्हणजे त्याचे गुणोत्तर 1800 × 1200 शी तंतोतंत जुळत नाही. शिवाय कडा कोरी राहू नये म्हणून विनाकडा छपाईत यंत्र चित्र थोडे मोठे करून बाहेरचा भाग कापते. परिणामी स्क्रीनवर बरोबर असलेले माप कागदावर बदलते.

उपाय म्हणजे चाचणी प्रिंट काढून पट्टीने मोजणे. एक फोटो मोजण्यापेक्षा चार फोटोंची पूर्ण ओळ मोजावी, चूक चौथाईवर येते. ओळ 140 मिमीऐवजी 143 मिमी भरली, तर 140 ला 143 ने भागून सुमारे 0.979 मिळतात. पानाचा आकार तसाच ठेवून प्रत्येक फोटो या प्रमाणात लहान करावा: 404 × 520 पिक्सेल. पुन्हा छापून ओळ 140 मिमीच्या आसपास आली की ही मांडणी टेम्प्लेट म्हणून जपावी. हे टेम्प्लेट त्याच प्रिंटरसाठी आणि विनाकडा छपाईच्या त्याच सेटिंगसाठी खरे. यंत्र बदलले की मोजणी पुन्हा.

रंगाबाबत एकच सांगण्यासारखे आहे. फाइल एसआरजीबीमध्ये पाठवावी आणि रंग-दुरुस्ती एकाच ठिकाणी, एडिटरमध्ये किंवा प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये, चालू ठेवावी. दोन्हीकडे चालू राहिली की चेहरे भाजल्यासारखे लाल दिसू लागतात.

वापरलेली रिबन

संपलेली रिबन तशीच कचऱ्यात टाकणे ही यादीतली सर्वांत दुर्लक्षित चूक आहे. ज्या भागातून रंग गेला तेथे चित्राची उलटी छाया राहते, आणि रिबन उजेडात धरली तर चेहरे सहज ओळखू येतात. ओळखपत्रावरचा मजकूर छापला असेल तर तोही वाचता येतो. ग्राहकाने विश्वासाने दिलेली प्रतिमा अशी रस्त्यावर जाऊ नये, यासाठी कॅसेटमधून पट्टा बाहेर ओढून कात्रीने बारीक तुकडे करावेत आणि मगच टाकावा.