तापाचा कितवा दिवस? भुसावळात पहिला पावसाळा काढणाऱ्यांसाठी

रेल्वेत, ऑर्डनन्स फॅक्टरीत किंवा दीपनगरला नोकरी लागून दरवर्षी बरीच मंडळी भुसावळात येतात. मीही अशीच चिपळूणहून शिक्षिका म्हणून आले, त्याला आता पंधरा वर्षं होऊन गेली. उन्हाळ्याबद्दल सगळे आधीच सांगतात. पावसाळ्यातल्या तापाबद्दल मात्र कुणी बोलत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

कोकणात पावसाळ्यात ताप आला की आम्हाला आधी लेप्टो आठवायचा. इथे पाऊस त्या मानाने काहीच नाही, त्यामुळे पहिल्या वर्षी मी निर्धास्त होते. पण इकडचा डास डबक्यातून येत नाही, तो आपल्या मोरीतल्या ड्रममधून येतो. नळाला रोज पाणी नसतं, म्हणून घरोघरी ड्रम, पिंप, हौद भरलेले. वर उन्हाळा संपल्यावर तसाच ठेवलेला कूलर. डेंग्यूच्या डासाला असंच स्वच्छ, साठवलेलं पाणी लागतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. अंडी ड्रमच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही, आठवड्यातून एकदा ड्रम आतून काथ्याने घासावा लागतो. घरमालकीण काकूंनी मला हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी ऐकलं दुसऱ्या वर्षी.

ताप आला की थर्मामीटरने मोजा आणि तो सुरू झाल्याची तारीख, वेळ कागदावर लिहून फ्रिजवर लावा. कणकण म्हणजे ताप नव्हे, १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर ताप धरा. हा कागद बिनमहत्त्वाचा वाटतो, पण कोणती तपासणी कधी करायची ते त्याच्यावरच ठरतं. डॉक्टरांनी 'कितवा दिवस?' विचारलं की आपण 'झाले दोन-तीन दिवस' म्हणतो. त्या दोन आणि तीनमध्ये फरक असतो.

पावसाळ्यात बहुतेक ताप साधे विषाणूचे असतात आणि दोन-तीन दिवसांत उतरतात. सर्दी, खोकला, घसा असं सोबत असेल, पाणी पोटात टिकत असेल, लघवी नीट होत असेल, तर दोन दिवस घरी थांबायला हरकत नाही. तिसऱ्या दिवशीही ताप हटला नाही तर मात्र रक्त तपासायचं. सर्दी-खोकला काहीच नाही, नुसता चढा ताप, डोळ्यांच्या मागे दुखतंय आणि अंग मोडून आलंय, असं असेल तर तिसऱ्याचीही वाट पाहू नका. लहान बाळ, गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा मधुमेह असलेला, यांना पहिल्याच दिवशी दवाखान्यात न्या.

मलेरियाला, म्हणजे सरकारी भाषेतल्या हिवतापाला, हा तीन दिवसांचा हिशोब लागूच नाही. ती तपासणी पहिल्या दिवसापासून करता येते आणि करावी. सरकारी दवाखान्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रात बोट टोचून रक्ताची काचपट्टी घेतात, ती फुकट असते. गावाकडे आशाताईही घेतात. पंधरा-वीस मिनिटांत निकाल देणारी किटही असते. पण एकदा निगेटिव्ह आली म्हणून मलेरिया नाही असं होत नाही. त्या घटकेला रक्तात जंतू कमी असतील तर ते काचपट्टीवर सापडत नाहीत. ताप चालूच असेल तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा, आणि गरज पडली तर तिसऱ्यांदाही पट्टी घ्यायची असते.

डेंग्यूत उलट आहे, तिथे दिवस चुकला की तपासणीच चुकते. एनएस१ नावाची तपासणी खुद्द विषाणूचा अंश शोधते, ती पहिल्या पाच दिवसांत कामाची. आयजीएम तपासणी शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. ती तयार व्हायलाच चार-पाच दिवस जातात, म्हणून पाचव्या दिवसानंतर. दुसऱ्या दिवशी आयजीएम केली तर डेंग्यू असूनही ती निगेटिव्ह येणार, आणि पैसे देऊन आपण खोटा दिलासा घरी आणणार. शिवाय आयजीएम दोन-तीन महिने पॉझिटिव्ह राहू शकते, म्हणजे श्रावणातला डेंग्यू दसऱ्याच्या तापात दिसायचा. पट्टीवर रेघ येणाऱ्या झटपट किटपेक्षा एलायझा पद्धतीची तपासणी जास्त भरवशाची, सरकारी यंत्रणाही तीच धरते.

हे अंगावर आलेलं उदाहरणच सांगते. आमच्या वरच्या खोलीत सांगलीकडचा एक मुलगा राहायला आला होता, नुकताच नोकरीला लागलेला. रविवारी संध्याकाळी त्याला १०२ ताप भरला. सोमवारी तो परस्पर एका लॅबमध्ये गेला आणि 'डेंग्यूची टेस्ट करा' म्हणाला. त्यांनी नुसती आयजीएम केली. निगेटिव्ह. मंगळवारी तिसरा दिवस, ताप तसाच. मी त्याला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मलेरियाची पट्टी, एनएस१ आणि साधा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, सांगितला. पट्टी निगेटिव्ह, एनएस१ पॉझिटिव्ह. प्लेटलेट १ लाख ४२ हजार, पांढऱ्या पेशी ३,४००, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का, ४१. भरती करायचं कारण नव्हतं. साडेसहाशेची पॅरासिटामॉल सहा-सहा तासांनी, भरपूर ओआरएस आणि रोज सीबीसी, एवढंच सांगितलं. अंगदुखीवरच्या दुसऱ्या गोळ्या, म्हणजे आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन, बंद. त्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

बुधवारी तो सीबीसीला गेला नाही. गुरुवारी, पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला. गडी खूश. 'काकू, सुटलो,' म्हणत खाली आला आणि अंघोळ करून कामावर जायची तयारी करू लागला. दुपारी पोटात दुखायला लागलं, तीनदा उलटी झाली आणि हातपाय गार पडले. सकाळपासून लघवीला गेलेलाच नव्हता. डेंग्यूत खरा धोका ताप उतरतानाच सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसांत. त्यानंतरचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपत राहतं आणि रक्त घट्ट होत जातं. संध्याकाळच्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट ६८ हजार होत्या आणि हिमॅटोक्रिट ४८. सगळ्यांचे डोळे ६८ हजारांवर. डॉक्टरांनी बोट ठेवलं ते ४८ वर. दोन दिवसांत ४१ वरून ४८, म्हणजे रक्तातलं पाणी बाहेर चाललंय. रिपोर्टवर हाच आकडा कधी पीसीव्ही नावाने असतो. त्याला भरती केलं आणि मोजून-मापून सलाईन दिलं.

इकडे 'पेशी कमी झाल्या' म्हटलं की अख्खी गल्ली गोळा होते. कुणी पपईच्या पानांचा रस आणतं, कुणी प्लेटलेटची पिशवी कुठे मिळेल ते विचारत फिरतं. (प्लेटलेटना 'पांढऱ्या पेशी' म्हणायचीही पद्धत आहे. त्या वेगळ्या, रिपोर्ट वाचताना घोटाळा करू नका.) त्या मुलाच्या प्लेटलेट शनिवारी ४१ हजारांपर्यंत उतरल्या, तरी पिशवी लागली नाही. रक्तस्राव नसेल तर साधारण १० हजारांच्या खाली जाईपर्यंत ती देत नाहीत. हिमॅटोक्रिट तोवर ४२ वर आला होता. सोमवारी प्लेटलेट ९२ हजार, आणि मंगळवारी तो वरच्या खोलीत खिचडी खात होता.

म्हणून ताप उतरला तरी दोन दिवस माणसावर नजर ठेवा. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, सुस्ती किंवा उगाच चिडचिड, सहा-सहा तास लघवी नाही, यातलं एक जरी दिसलं तरी तपासणीच्या रिपोर्टसाठी थांबू नका, रात्रीच दवाखाना गाठा. त्यासाठी एनएस१ पॉझिटिव्ह असायलाच हवी असंही नाही. निगेटिव्ह एनएस१ डेंग्यू नाकारत नाही, विशेषतः ज्याला पूर्वी एकदा डेंग्यू होऊन गेलाय त्याच्यात. आणि दुसऱ्या दिवशीच विडाल करून 'टायफॉइड निघाला' म्हणत सलाईन लावणारं कुणी भेटलं, तर मलेरियाची पट्टी झाली का एवढं विचारा.

डॉक्टरांना अजून एक गोष्ट सांगायला विसरू नका: गेल्या महिनाभरात कुठे मुक्काम केलात ते. मी विसरले होते. एका श्रावणात मैत्रिणीकडे पालला, रावेर तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत, दोन रात्री राहिले. हवा सुरेख, म्हणून अंगणात बाजेवर झोपलो, मच्छरदाणी कशाला? मलेरियाचा डास रात्रीच चावतो. बारा दिवसांनी दुपारी हुडहुडी भरली, दोन गोधड्यांतही दात वाजत होते. मग १०४ ताप, मग दरदरून घाम, आणि संध्याकाळी मी ठणठणीत. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून शाळेत गेले. तिसऱ्या दिवशी त्याच सुमारास पुन्हा हुडहुडी. हुडहुडी भरली तेव्हाच घेतलेल्या पट्टीत व्हायव्हॅक्स जातीचा मलेरिया निघाला. ताप दरवेळी असा घड्याळ लावून येईलच असं नाही, सुरुवातीला तो रोज आणि कसाही येऊ शकतो.

तीन दिवस क्लोरोक्वीन आणि चौदा दिवस प्रायमाक्वीन असं औषध दिलं. व्हायव्हॅक्सचे काही जंतू यकृतात झोपून राहतात, प्रायमाक्वीन त्यांच्यासाठी. गरोदर बाईला ते देत नाहीत आणि जी६पीडी नावाचं एन्झाइम कमी असलेल्यांना त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात, म्हणून ते डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं. लघवी काळपट झाली तर लगेच थांबवून त्यांना गाठायचं. मला तसलं काहीच नव्हतं. ताप गेला, तोंड कडू होत होतं, म्हणून चौथ्या दिवशी मीच गोळ्या सोडल्या. कार्तिकात, पाऊस संपून दीड महिना झालेला, डास नाहीत, पालला गेलेली नाही, आणि तीच हुडहुडी, तीच दुपारची वेळ. पट्टीत पुन्हा व्हायव्हॅक्स. तेव्हा मात्र कालनिर्णयवर रोज एक फुली मारत चौदा गोळ्या संपवल्या.